बॅचचा निरोपाचा व्हिडिओ: टॉपरचं भाषण आणि वर्गाच्या आठवणी एकत्र कशा गुंफायच्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पदवीदानाच्या दिवशी दाखवायच्या व्हिडिओची संहिता लिहायला बसलं की दरवर्षी नवी मुलं तेच प्रश्न विचारतात. मी असे काही व्हिडिओ लिहिलेत, त्यातले दोन फसलेही आहेत, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणाला शेवटपर्यंत एकच व्हिडिओ धरला आहे: ५८ जणांची बॅच, सहा मिनिटांचा व्हिडिओ आणि सभागृहात भाषण करायचं म्हटलं की हात गार पडणारी टॉपर.

व्हिडिओ किती लांब असावा?

सहा मिनिटं. आठच्या पुढे गेलात तर मागच्या रांगा मोबाइल काढतात. आमच्या ३६० सेकंदांची वाटणी अशी होती: सुरुवात ३५, टॉपरचं बोलणं १३०, स्वतःच्या आवाजासकट आठवणी १५० आणि शेवटी सगळ्यांची नावं ४५. ही वाटणी लिहायला बसण्याआधी कागदावर ठेवा. नंतर कुणी "हा एक क्लिप घालाच" म्हणत आला की त्याला विचारता येतं, कुठल्या खात्यातून कापू?

आधी काय लिहायचं, आठवणी की भाषण?

भाषण. आणि तेही लिहायचं नाही, आधी रेकॉर्ड करायचं.

बहुतेक जण उलटं करतात. आधी फोटो गोळा होतात, वर्षांप्रमाणे लावले जातात, मध्ये दोन मिनिटांची जागा सोडून तिथे टॉपरचं भाषण बसवलं जातं. माझा पहिला व्हिडिओ असाच होता. फोटोंवर सभागृह हसत होतं, भाषण सुरू झालं तशी कुजबुज सुरू झाली, भाषण संपून पुन्हा फोटो आले तेव्हा कुणी परत हसायला तयार नव्हतं. भाषणात खोट नव्हती. ते आठवणींपासून तोडून एका जागी ठेवलं होतं, एवढाच घोळ.

भाषण हा दोरा आहे. तो आधी हातात असला की कुठे काय ओवायचं ते कळतं. म्हणून क्रम असा ठेवा: टॉपरशी बोलणं रेकॉर्ड करा, ते शब्दशः कागदावर उतरवा, छापा आणि पेनाने खुणा करत कापा. संगणकावरच्या संकलनाला त्याआधी हात लावू नका. आमचं मूळ रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं होतं, कागदावर साडेचार पानं भरली. त्यातून दोन मिनिटं दहा सेकंद उरली, पाच तुकड्यांत. हे कागदावरचं कापणं एका संध्याकाळी झालं. तेच थेट टाइमलाइनवर केलं असतं तर चार दिवस गेले असते.

टॉपरला भाषण लिहून आणायला सांगायचं का?

सांगू नका. लिहून आणलेल्या भाषणात पहिली चाळीस सेकंदं मान्यवर आणि आभार यांत जातात, मग "आयुष्याचा प्रवास" येतो, आणि कॅमेऱ्यापुढे पाठ केलेलं म्हणताना डोळे वर छताकडे जातात. आभार हवेतच, पण ते शेवटच्या नामावलीत पाटी म्हणून द्या. सर्वांची नावं नीट येतात आणि कुणी राहत नाही.

त्याऐवजी प्रश्न विचारा आणि टॉपरला सांगा की उत्तर पूर्ण वाक्यात दे, कारण माझा प्रश्न व्हिडिओत ऐकू येणार नाही. "पहिला दिवस कसा गेला?" याला "वाईट" असं उत्तर आलं तर ते वापरता येत नाही. "पहिला दिवस वाईट गेला" हे वापरता येतं. मी पाच प्रश्न विचारतो: पहिल्या दिवशी नेमकं काय झालं? तुझ्याबद्दल वर्गात कुठला गैरसमज आहे? कुणी मदत केली नसती तर कुठे अडकली असतीस? वर्गातल्या कुणाची कुठली गोष्ट तुला अजिबात जमत नाही? आणि कुणाचं काय द्यायचं राहिलंय?

दुसरा प्रश्न सोन्याचा आहे. टॉपरबद्दल सगळ्या वर्गाचं एक ठरलेलं मत असतं आणि टॉपरला ते ठाऊक असतं. त्याचं उत्तर आलं की भाषण आपोआप वर्गाशी बोलायला लागतं.

शब्दांचा हिशोब: मराठीत निवांत बोलताना मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे १३० सेकंदांत जेमतेम अडीचशे. घाबरलेला माणूस याहून बराच भराभर बोलतो. म्हणून पहिला प्रश्न शेवटी पुन्हा एकदा विचारा. त्या वेळी श्वास स्थिरावलेला असतो आणि तेच उत्तर निम्म्या शब्दांत येतं. आमच्या व्हिडिओतलं पहिलं वाक्य असंच दुसऱ्या खेपेचं आहे.

निकालच लागला नसेल तर टॉपर कोण म्हणायचं?

आतापर्यंत लागलेल्या निकालांवर जो पुढे आहे त्याला घ्या, पण पाटीवर "टॉपर" असं लिहू नका. नाव लिहा, पुरे. शेवटच्या निकालात क्रम बदलला तरी व्हिडिओ खोटा ठरत नाही. दोघे बरोबरीत असतील तर दोघांना एका बाकावर शेजारी बसवून एकत्रच विचारा. एकमेकांना मध्येच तोडतात, तेच छान दिसतं.

रेकॉर्डिंग कुठे आणि कशावर करायचं?

रिकाम्या वर्गात, खिडकीचा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येईल असं. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा पडतो. पंखा बंद करा. त्याची घरघर तिथे बसून कानाला जाणवत नाही, सभागृहात मात्र ती भाषणाइतकी मोठी वाटते.

मोबाइलचा कॅमेरा चालेल. आवाजासाठी दुसरा मोबाइल घ्या आणि तो टॉपरच्या समोर वीतभर अंतरावर, चौकटीच्या जरा बाहेर ठेवा. दोन्ही सुरू झाले की एक टाळी वाजवा. टाळीचा टोकदार ठसा दोन्ही ध्वनिपट्ट्यांवर दिसतो आणि आवाज चित्राला जुळवता येतो. लांब रेकॉर्डिंगमध्ये शेवटाकडे ओठ आणि आवाज सुटे पडायला लागले, तर मोबाइलने फ्रेमची गती कमी-जास्त ठेवलेली असते. फाइल संकलनात घेण्यापूर्वी ती ठरावीक गतीत रूपांतरित करून घ्या.

निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून वर्गाची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मुलं हसतात, पण दोन वाक्यं जोडताना मधल्या फटीखाली हीच शांतता घालावी लागते. ती नसेल तर प्रत्येक जोडाला आवाज गपकन बंद पडल्यासारखा वाटतो.

आठवणी भाषणात नेमक्या कुठे घालायच्या?

हा खरा प्रश्न. बहुतेक संहितांत शब्द आला की चित्र येतं. ती "वही" म्हणाली की वहीचा फोटो, "मैत्री" म्हणाली की गळ्यात हात टाकलेला फोटो. ही बालवाडीची तक्त्यावरची उजळणी झाली. आठवणीने भाषणाला उत्तर दिलं पाहिजे. भाषण जे सांगत नाही, किंवा चुकीचं सांगतं, ते आठवण दाखवते.

आमच्या बॅचचं सांगतो. फोटो मागवले तेव्हा सहा जणांनी एकाच वहीच्या झेरॉक्सचा फोटो पाठवला. सगळीकडे पान १४, आणि सगळीकडे आकृतीच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा तोच डाग. वही टॉपरची होती. मी गमतीने एकाला विचारलं तर तो म्हणाला, डाग? तो डाग होता? त्याने तो परीक्षेत आकृतीचा भाग म्हणून काढला होता. टॉपरचं रेकॉर्डिंग तोवर होऊन गेलं होतं. परत जाऊन तिला याबद्दल विचारलं आणि चार मिनिटांचं आणखी रेकॉर्डिंग केलं. संहितेतला तो भाग असा उतरला:

दृश्य: टॉपर, बाकावर. चेहरा जवळून.
आवाज (टॉपर): "मी सगळं लिहून घ्यायचे, कारण नुसतं ऐकून मला काही कळायचं नाही. लोकांना वाटायचं, हुशार आहे म्हणून लिहिते."

आवाज: झेरॉक्स मशीन सुरू होतं. (चित्र अजून टॉपरचंच, दोन सेकंद.)

दृश्य: पान १४ च्या झेरॉक्स, एकामागून एक, सहा. प्रत्येकीवर तोच डाग. शेवटच्या दोन फिकट, झेरॉक्सची झेरॉक्स.

दृश्य: वर्गमित्र, जिन्यात उभा.
आवाज (वर्गमित्र): "मला वाटलं तो आकृतीचाच भाग आहे. मी पेपरात काढून आलो. बाण दाखवून."

दृश्य: टॉपर. बोलत नाही. चार सेकंद.

दृश्य: पान १४, मूळ वहीतलं. डाग निळा आहे.
आवाज (टॉपर): "त्याला त्या आकृतीचे पूर्ण गुण मिळाले. माझा अर्धा कापला."

तीन गोष्टी बघा. वहीचा उल्लेख तिच्या बोलण्यात नाहीच, तो चित्राने केला. झेरॉक्सचा आवाज चित्राच्या दोन सेकंद आधी येतो, त्यामुळे तिचं बोलणं आणि आठवण यांच्यामध्ये शिवण दिसत नाही. आणि झेरॉक्समध्ये काळा दिसलेला डाग मूळ वहीत निळा निघतो, हे कुणी बोलून दाखवत नाही. सभागृहात पुढच्या रांगेतून कुणीतरी "निळा!" असं ओरडलं होतं.

पाच तुकड्यांपैकी अशी पूर्ण गुंफण दोनच ठिकाणी आहे. बाकी तीन ठिकाणी ती सलग बोलते आणि वर साधे फोटो जातात. प्रत्येक वाक्याला कोटी केली तर बघणारा दमतो.

दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग केलं तर कपडे वेगळे दिसतील ना?

आमचे दिसले. पहिल्या दिवशी तिचे कपडे पिवळे होते, दुसऱ्यांदा हिरवे. म्हणून वरच्या भागात शेवटचं वाक्य पानाच्या चित्रावर आहे, तिच्या चेहऱ्यावर नाही. ती चार सेकंदांची शांतताही पहिल्या दिवसाची आहे, दोन प्रश्नांच्या मधली. असे निःशब्द चेहरे उपयोगी पडतात, त्यामुळे उत्तर संपलं की लगेच कॅमेरा बंद करू नका, पाच सेकंद चालू ठेवा. आणि पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की हे कपडे महिनाभर हाताशी असू दे.

असं कापून जोडल्यावर टॉपरचं म्हणणं बदलत नाही का?

बदलू शकतं. "मला या वर्गाचा राग यायचा, पहिले दोन महिने" यातले शेवटचे तीन शब्द गेले तर वाक्य भलतंच होतं. मी दोन नियम पाळतो. वाक्याच्या आत कापत नाही, फक्त वाक्यांच्या मध्ये कापतो. आणि भाषणाचे तुकडे जोडून झाले की बाकी काही चढवण्याआधी टॉपरला एकटीला दाखवतो. वरचा चार सेकंदांचा चेहरा दुसऱ्याच क्षणाचा आहे हेही तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, माझं तोंड तसंच झालं असतं, राहू दे. नको म्हणाली असती तर काढला असता.

फोटो आणि क्लिप कशा मागवायच्या?

"तुमच्याकडचे चांगले फोटो पाठवा" असा निरोप टाकलात तर सहलीचे आणि वाढदिवसांचे चारशे फोटो येतात, सगळे ओळीत उभे राहून काढलेले. नेमकं मागा: वर्गातली एक वस्तू, जी आता तिथे नाही. कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नाही असा एक फोटो. ज्यात आवाज महत्त्वाचा आहे असा दहा सेकंदांचा क्लिप. आमच्या सहा झेरॉक्स पहिल्याच मागणीला आल्या.

पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर ॲप तो दाबून लहान करतं आणि पडद्यावर चेहऱ्यांच्या जागी चौकोन दिसतात. उभे क्लिप आडव्या पडद्यावर ओढून ताणू नका, तीन उभे क्लिप शेजारी शेजारी बसतात. एका माणसाच्या फोटोला तीन सेकंद पुरतात. ५८ जणांच्या फोटोला सहा द्या, कारण प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो.

सगळे दिसले की नाही हे कसं पाहायचं?

हजेरीपट काढा. नावापुढे रकाना, आणि कच्चा व्हिडिओ बघत प्रत्येक वेळी चेहरा ओळखू आला की एक रेघ. गर्दीतला मागचा कान धरायचा नाही. आमच्या पहिल्या कच्च्या आवृत्तीत एकाला चौदा रेघा होत्या आणि अकरा जणांना एकही नव्हती. चौदावाला फोटो गोळा करणाऱ्यांचा मित्र होता, यात कुणाची लबाडी नसते, असंच होतं. मग त्या अकरा जणांना मी स्वतः फोन केला. त्यातल्या दोघांना दिसायचंच नव्हतं. त्यांची फक्त नावं घेतली.

शेवटच्या नामावलीत एका पडद्यावर चार नावं आणि चार चेहरे ठेवले, पंधरा पडदे, प्रत्येकी तीन सेकंद. वर सरकणारी यादी वाचता येत नाही, आणि इथे प्रत्येक घरातलं कुणीतरी एक नाव वाचायला बसलेलं असतं.

चेष्टा कुठवर चालेल?

ज्याची चेष्टा आहे तो ती स्वतः कॅमेऱ्यापुढे सांगत असेल तर चालेल. डागाचा किस्सा त्या मुलाने स्वतः सांगितला म्हणून ठेवला, दुसऱ्या कुणी त्याच्यावर सांगितला असता तर नसता घेतला. जोड्या, शरीर, नापास होणं आणि शिक्षकांच्या नकला यांतलं काही न विचारता घालू नका. सभागृहात आईवडील असतात. मध्येच शिक्षण सोडून गेलेल्यांना विचारून घ्या. बॅचमधलं कुणी आता हयात नसेल तर आधी घरच्यांशी बोला, आणि तो फोटो हसण्याच्या भागाला लागून ठेवू नका. आधी भाषणातली सलग, शांत दहा सेकंदं जाऊ द्या.

संगीत कुठलं घ्यायचं?

गाजलेलं गाणं घेतलं तर ऑनलाइन चढवल्यावर हक्काच्या दाव्यामुळे आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच अडतो. वापराची परवानगी असलेलं, शब्द नसलेलं संगीत घ्या, किंवा वर्गात कुणी वाजवणारं असेल तर त्यालाच बसवा. टॉपर बोलत असताना संगीत तिच्या आवाजापेक्षा सुमारे २० डेसिबल खाली ठेवा. झेरॉक्सच्या भागात आम्ही संगीत पूर्ण काढलं होतं. मशीनचा आवाजच पुरेसा होता.

सभागृहात दाखवताना काय बिघडतं?

बहुतेक वेळा आवाज. मोठ्या रिकाम्या जागेत आवाज घुमतो आणि शब्दांची टोकं पुसली जातात, म्हणून टॉपरच्या प्रत्येक वाक्याला खाली ठळक अक्षरांत पाटी द्या. ती पडद्याच्या अगदी तळाला टेकवू नका. पुढच्या रांगेतली डोकी तिथेच येतात, आणि काही प्रोजेक्टर कडा कापतात.

फाइल MP4, H.264, 1920×1080 अशी काढा. ही जोडी जवळपास सगळीकडे चालते. पेनड्राइव्ह FAT32 असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, सहा मिनिटांना तेवढी लागतही नाही. आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरीने पूर्ण व्हिडिओ लावा, आणि एक जण शेवटच्या रांगेत बसून ऐकू दे. माझा दुसरा फसलेला व्हिडिओ इथेच फसला: चित्र प्रोजेक्टरवर आणि आवाज लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर. HDMI जोडली की आवाज कुठून बाहेर काढायचा ते लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये निवडावं लागतं, हे मला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाबांनी सांगितलं.

टॉपर त्याच दिवशी मंचावरही बोलणार असेल तर?

मग व्हिडिओतल्या बोलण्यातलं एक वाक्य मोकळं सोडा. आमच्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर होतं, "माझी ती वही अजून कुणाकडेतरी आहे." व्हिडिओ तिथेच संपवला, पान १४ वर, आणि नामावली गेली. (मूळ पानाचा फोटो कुठून आला हे तिने विचारलं नव्हतं. वही ज्याच्याकडे होती त्यानेच तो काढून पाठवला होता, नाव सांगू नका म्हणून.) दिवे लागले, ती मंचावर आली, आणि माइकपर्यंत पोचायच्या आत चौथ्या रांगेतून वही हातोहात पुढे यायला लागली.